सूर्याकडे तोंड करून घेतलेला शॉट आणि बदललेला चेहरा: फ्लेअर व धुरकटपणा परत कसा आणायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चेहरा बदलायच्या शॉट्सबद्दल मला जे प्रश्न येतात त्यांतले निम्मे तरी एकाच जागी अडलेले असतात: डबलने धाव घेतली, कलाकाराचा चेहरा नीट बसला, ट्रॅकही चिकटला, पण कॅमेरा सूर्याकडे होता आणि नवा चेहरा काचेवर चिकटवल्यासारखा दिसतो. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आकड्यांशिवाय हे समजत नाही, म्हणून सगळीकडे मी केलेला एकच शॉट उदाहरणाला घेतलाय. कोकणातला किनारा, सूर्यास्ताला अर्धा तास बाकी, ५० मिमी लेन्स, ९६ फ्रेम्स. डबल ओल्या वाळूवरून कॅमेऱ्याकडे धावत येतो. पहिल्या १४ फ्रेम्स सूर्य त्याच्या डोक्यामागे पूर्ण झाकलेला आहे, मग पडद्यावरच्या डाव्या कानामागून बाहेर येतो. डबलची आणि कलाकाराची, दोघांचीही लेखी संमती करारातच होती. ती नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, तो शॉट घेऊच नका.

नोड्सची नावं Nuke मधली आहेत. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावं बदलतील, गणित तेच राहील. सगळे आकडे लिनिअरमधले आहेत.

१. लेन्स फ्लेअर आणि हा धुरकटपणा एकच ना? मी फ्लेअरचं प्लगइन लावलं तरी चेहरा वेगळाच दिसतो.

उगम एकच, पण कामं दोन. सूर्याचा प्रकाश लेन्समध्ये शिरला की त्यातला थोडा काचांच्या पृष्ठभागांवरून, नळीच्या आतल्या भिंतीवरून, सेन्सरवरून उलटसुलट आपटत राहतो. त्यातला काही प्रकाश गोळा होऊन ठिपके, बहुकोन, किरण असे आकार तयार होतात. त्यांना आपण फ्लेअर म्हणतो, आणि प्लगइन तेच काढून देतं. उरलेला प्रकाश कुठलाच आकार न घेता सगळ्या चित्रभर पसरतो आणि काळ्याला राखाडी करतो. मी याला ‘पडदा’ म्हणतो आणि खाली तोच शब्द वापरलाय.

चेहरा वेगळा दिसतो तो जवळजवळ नेहमी पडद्यामुळे. ठिपके नसले तर कुणाच्या लक्षातही येत नाही, सूर्य कधी ठिपके देतो कधी नाही. पण डबलचा शर्ट, केस, मान धुरकट आणि मधला चेहरा मात्र कुळकुळीत काळ्या बुबुळांचा, हे प्रेक्षकाला कारण न कळताही खटकतं. म्हणून आधी पडदा सोडवा. ठिपक्यांचं प्रश्न १० मध्ये आहे.

२. मग नव्या चेहऱ्याची ओपॅसिटी थोडी कमी केली, किंवा ग्रेडने काळे उचलले, तर?

ओपॅसिटी कमी केली की दोन गोष्टी होतात. खालचा डबल दिसायला लागतो, म्हणजे दोन नाकं. आणि नव्या चेहऱ्याचा स्वतःचा प्रकाश कमी होतो. खरा पडदा चेहऱ्याकडून काहीच काढून घेत नाही. गालावरून निघालेला प्रकाश सेन्सरपर्यंत जेवढा पोचायचा तेवढा पोचतोच, त्यावर सूर्याचा भटका प्रकाश येऊन बसतो. नुसती बेरीज आहे.

काळे उचलण्यात `Grade` मधला `lift` लोक सवयीने ओढतात. `lift` १.० ला खिळा ठोकून खालचा भाग वर उचलतो. सावलीतल्या गालावर फरक फारसा कळत नाही: ०.११५ चा गाल ०.०७५ `lift` ने ०.१८१ होतो, बेरजेने ०.१९० झाला असता. पण त्याच चेहऱ्याच्या कडेला सूर्याने उजळलेली १.५ ची रेघ आहे. बेरजेत ती १.५७५ होते, `lift` मध्ये १.४६ वर घसरते. म्हणजे सूर्य जिथे सर्वात जास्त तळपतोय तिथेच तुमचा चेहरा विझतो. `offset` वापरा. तो नुसता मिळवतो.

३. पडदा किती आहे ते डोळ्याने ठरवायचं का?

नाही. प्लेटमध्येच मोजता येतो, आणि सगळ्या कामात हाच भाग सर्वात जास्त वेळ द्यायच्या लायकीचा आहे.

अशी जागा शोधा जी खरोखर काळी आहे, सावलीत आहे आणि संपूर्ण शॉटभर सावलीतच राहते. माझ्या शॉटमध्ये डबलच्या काळ्या टी-शर्टची काखेतली घडी होती. तिच्यावर थेट ऊन कधीच पडत नव्हतं. सूर्य झाकलेला असताना, म्हणजे पहिल्या १४ फ्रेम्समध्ये, त्या घडीचा सरासरी आकडा लाल ०.००९, हिरवा ०.००८, निळा ०.००८ होता. सूर्य पूर्ण बाहेर आल्यावर, ६०व्या फ्रेमला, तीच घडी ०.०७१, ०.०५२, ०.०३८. घडी तीच, सावली तीच. वाढलेला सगळा प्रकाश लेन्सने आणून ओतलेला आहे. वजाबाकी केली की पडदा हातात येतो: ०.०६२, ०.०४४, ०.०३०.

एक पिक्सेल कधीच मोजू नका, ग्रेन फसवतो. साधारण २० बाय २० चा चौकोन घ्या, तो घडीला ट्रॅक करून चिकटवा आणि `CurveTool` ला `Avg Intensities` वर ठेवून पूर्ण शॉटभर चालवा. प्रत्येक फ्रेमचा आकडा `intensitydata` मध्ये मिळतो. मग लाल वाहिनीसाठी ही एक ओळ पुरते:

```
CurveTool1.intensitydata.r - 0.009
```

हिरव्या-निळ्यासाठी `.g`, `.b` आणि ०.००८.

रंगाकडे लक्ष द्या. पडदा राखाडी नाही, संध्याकाळच्या सूर्यासारखा नारिंगी आहे, लालच्या निम्माच निळा. करड्या रंगाचा पडदा टाकून नंतर ‘जरा उबदार करू’ म्हणणाऱ्यांचा चेहरा नेहमी बाकी शॉटपेक्षा निळसर राहतो. आणि हो, ०.००९ मध्येही थोडा पडदा आहेच, कारण आकाश उजळ होतं. तो सूर्याबरोबर बदलत नाही म्हणून या वजाबाकीत तो धरलेला नाही. त्याचं काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये आहे, तिथेच मी एकदा तोंडघशी पडलो.

४. मोजला. आता चेहऱ्यावर मिळवला की झालं?

फक्त चेहऱ्यावर मिळवला तरी शॉट निघतो, पण मास्कच्या कडेला रडत बसाल. पडद्याचा मास्क चेहऱ्याच्या मास्कपेक्षा जरा जरी वेगळा असला तर मऊ पट्ट्यात पडदा कमी-जास्त पडतो आणि तिथे एक मळकट कड उमटते.

म्हणून उलटा क्रम घ्या. आधी संपूर्ण प्लेटमधून पडदा काढून टाका (`Merge`, `from`, पडदा A मध्ये, प्लेट B मध्ये). आता तुमच्याकडे सूर्य लेन्समध्ये शिरलाच नाही अशी प्लेट आहे. विचित्र दिसते, काँट्रास्टी दिसते, तशीच असू द्या. या स्वच्छ प्लेटवर स्वच्छ चेहरा बसवा. रंग जुळवा, कडा जुळवा, मोशन ब्लर, फोकस सगळं इथेच. शेवटी तोच पडदा, तोच नोड, `plus` ने सगळ्यावर परत टाका.

यात सुरक्षितता आहे. जिथे चेहरा बदललेला नाही तिथे वजा केलेलं तेवढंच परत मिळतं, म्हणून मूळ प्लेट जशीच्या तशी येते. मोजमाप थोडं चुकलं तरी फक्त चेहरा थोडा चुकतो, बाकी शॉट नाही. एकच पथ्य: वजा आणि बेरीज या दोन्हींना एकाच नोडमधून तार जोडा. दोन प्रती केल्या की कुणीतरी एकीत बदल करतो.

आमच्या ६०व्या फ्रेमला डबलच्या सावलीतल्या गालाचा लाल आकडा ०.१९० होता आणि चेहऱ्याच्या जागी पडदा ०.०७५ (घडीपेक्षा जास्त का, ते प्रश्न ७ मध्ये). म्हणजे त्या गालाचा जवळपास चाळीस टक्के लाल प्रकाश गालाचा नव्हताच. स्वच्छ गाल ०.११५, बुबुळ ०.००६. दोघांतलं प्रमाण १९ ला १. पडदा टाकल्यावर ०.१९० आणि ०.०८१, म्हणजे २.३५ ला १. लोक गालाचा उजेड जुळवतात आणि खूश होतात. गाल जुळतोच. पकडून देतात ती बुबुळं, नाकपुड्या आणि ओठांमधली रेघ.

५. `screen` का नको? मी नेहमी फ्लेअर `screen` ने टाकतो, छान दिसतं.

`screen` हे १.० च्या आत राहणाऱ्या चित्रांसाठीचं जुगाड आहे, बेरीज जळून जाऊ नये म्हणून. लिनिअरमध्ये सूर्याजवळचे आकडे १.० च्या कितीतरी वर असतात. Nuke मधला `screen` तर अशा ठिकाणी बेरीज सोडून दोघांतला मोठा आकडा उचलतो, त्यामुळे उजळ कडेवर फ्लेअर चक्क गायब होतो. शिवाय `screen` उलटा करून स्वच्छ प्लेट काढणं ही वेगळीच डोकेदुखी. `plus`.

याचा दुसरा अर्थ असा की बेरीज लिनिअरमध्येच झाली पाहिजे. कॅमेऱ्याच्या लॉग फाइलवर किंवा sRGB वर थेट `plus` केलंत तर सावल्यांत पडदा भलताच पातळ आणि उजेडात भलताच जाड होईल.

६. पडदा वजा केल्यावर काही पिक्सेल ऋण झाले. `Clamp` लावू?

नका लावू. पडदा बरोबर मोजला असेल तर काळ्या जागी ग्रेन शून्याच्या दोन्ही बाजूंना डोलणार, काही पिक्सेल ऋण जाणारच. शेवटी तेवढंच परत मिळवलं की ते जागेवर येतात. मध्येच ते शून्यावर कापले तर परत मिळवल्यावर काळ्यांत सपाट डाग आणि अर्धा ग्रेन दिसेल.

मोठे सलग पट्टेच ऋण जात असतील तर मात्र पडदा जास्त काढलाय. बहुतेक वेळा ज्या जागेला काळं समजून मोजलं ती जागा काळी नसते. ओला कपडा आणि तेलकट केस आकाश परावर्तित करतात, त्यांच्यावर मोजू नका.

७. पडदा सगळीकडे सारखा असतो का?

नाही, आणि सारखा धरला तर सूर्याकडची बाजू कधीच जुळत नाही. सूर्याजवळ तो जाड, दूर पातळ. मी त्याच ६०व्या फ्रेमला तीन जागी मोजला: कानाजवळच्या केसांत लाल ०.०८४, काखेच्या घडीत ०.०६२, बुटाच्या काळ्या तळव्याजवळ ०.०३७. चेहरा केस आणि घडीच्या मध्ये येतो, तिथे ०.०७५ निघाला.

याचं सोपं रूप असं. एक मोठा, खूप मऊ `Radial` घ्या, मध्यबिंदू सूर्याच्या ट्रॅकरला बांधा. तो असा जुळवा की घडीच्या जागी बरोबर १ येईल, केसांजवळ १.३५ आणि तळव्याजवळ ०.६. हा झाला पडद्याचा आकार. प्रश्न ३ मधली वक्ररेषा ही त्याची ताकद. दोघांचा गुणाकार म्हणजे त्या फ्रेमचा पडदा. आकार एकदाच जुळवायचा, ताकद फ्रेमगणिक आपोआप बदलते. हाताने की-फ्रेम टाकत बसलात तर पडदा श्वास घेतल्यासारखा हलतो, आणि तो हलणं चेहऱ्यापेक्षा आधी दिसतं.

काही जण प्लेटच खूप ब्लर करून पडदा बनवतात. कल्पना चांगली आहे, पण प्लेटमधला सूर्य कापलेला असतो. ARRI च्या LogC3 मध्ये EI 800 ला वरची मर्यादा लिनिअरमध्ये सुमारे ५५. खरा सूर्य त्याच्या कित्येक पट. त्यामुळे ब्लर केलेल्या प्लेटमध्ये आकाशाचा पडदा येतो, सूर्याचा येतच नाही. हा मार्ग घ्यायचा असेल तर सूर्याच्या जागी आधी प्रचंड उजळ चकती ठेवावी लागते, आणि ती किती उजळ हे शेवटी काळ्या घडीवरूनच ठरवावं लागतं. फिरून तिथेच.

८. आम्ही चेहरा नेटवर्क ट्रेन करून बदलतो. ते धुरकटपणा आपोआप शिकत नाही का?

अर्धवट शिकतं, आणि तेच वाईट. पूर्ण धुरकट किंवा पूर्ण स्वच्छ चेहरा आला असता तर हिशोब सोपा होता. कलाकाराच्या ट्रेनिंगमधले बहुतेक चेहरे स्वच्छ उजेडातले असतात, समोर येतो धुरकट डबल, आणि नेटवर्क मधलंच काहीतरी देतं: गाल धुरकट, डोळे मात्र ट्रेनिंगमधल्यासारखे काळेभोर. त्यावर तुम्ही पडदा टाकला की गालांवर दोनदा बसतो.

मी नेटवर्कला प्रश्न ४ मधली स्वच्छ प्लेट देतो. आधी ऋण आकडे शून्यावर कापतो, नेटवर्कला जी ट्रान्सफर सवयीची आहे तिच्यात बदलतो, चेहरा घेतो, परत लिनिअरमध्ये आणतो. इथे कापणं चालतं, कारण ही प्रत फक्त नेटवर्कसाठी आहे, कॉम्पची मूळ तार वेगळीच राहते. आउटपुट स्वच्छ आलंय का हे बुबुळावर तपासा.

ट्रेनिंगमध्ये कलाकाराचे बॅकलिट फोटो असणं वेगळ्या कारणासाठी हवं: कानातून झिरपणारा लाल प्रकाश, गालाच्या कडेची रेघ. ते चेहऱ्यावरचं ऊन आहे, पडदा नाही. पडद्याने ते कधीच भरून निघणार नाही.

९. ग्रेन कुठे टाकायचा, पडद्याच्या आधी की नंतर?

नंतर. पडदा लेन्समध्ये बनतो, ग्रेन सेन्सरवर. प्लेट डीनॉइज करा, पडदा काढा, चेहरा बसवा, पडदा परत टाका आणि मग चेहऱ्यावर ग्रेन.

एक बारकावा बऱ्याच जणांकडून सुटतो. पडद्याचा प्रकाश खरा असतो, त्याचाही नॉइज असतो. ०.००६ च्या बुबुळावर पडदा बसून ते ०.०८१ झालं की तिथे ०.०८१ च्या टोनचा ग्रेन हवा, ०.००६ चा नाही. ग्रेनची ताकद पडदा टाकल्यानंतरच्या उजेडावरून ठरवलीत तर हे आपोआप होतं. स्वच्छ चेहऱ्यावर आधीच ग्रेन टाकून वर पडदा टाकलात तर डोळे प्लॅस्टिकचे दिसतात.

१०. एक नारिंगी ठिपका डबलच्या गालावरून सरकत जातो. नव्या चेहऱ्यावर तो कसा आणू?

ठिपका म्हणजे घोस्ट: दोन काचपृष्ठांवर आपटून आलेलं सूर्याचं किंवा अ‍ॅपर्चरचं चित्र. १४ काचांची लेन्स असेल तर २८ पृष्ठभाग, म्हणजे ३७८ जोड्या. आजच्या कोटिंगमुळे बहुतेक जोड्या दिसण्याइतक्या उजळ नसतात. एखाददुसरी दिसते, आणि नेमकी चेहऱ्यावर.

डबलच्या गालावरून ठिपका कापून आणण्याचा मोह टाळा. त्याच्याबरोबर डबलचा गालही येतो. ठिपका नव्याने बनवणं सोपं आहे, कारण त्याची जागा ढोबळमानाने एका नियमाने ठरते. सूर्य, चित्राचा केंद्रबिंदू आणि ठिपका एका रेषेत असतात:

```
ghost = c + k * (c - sun)
```

`c` म्हणजे चित्राचं केंद्र, `k` प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा आकडा. आमची प्लेट २०४८ बाय ११५२, केंद्र (१०२४, ५७६). ६०व्या फ्रेमला सूर्य (६४०, ८६०), ठिपका (८३२, ७१८). आडवं मोजलं तर ‑१९२ भागिले ३८४, उभं मोजलं तर १४२ भागिले ‑२८४, दोन्हीकडून `k` = ‑०.५. ऋण आला म्हणजे ठिपका केंद्राच्या सूर्याकडच्याच बाजूला आहे. पुढे एका फ्रेमला सूर्य (७००, ८४०) वर होता. सूत्र म्हणतं ठिपका (८६२, ७०८) वर हवा. प्लेटमध्ये पाहिलं, तिथेच होता. मग सूर्याच्या ट्रॅकरवरून पूर्ण शॉटचा ठिपका चालवला.

दोन ठिकाणी हे फसतं. प्लेट क्रॉप किंवा स्टॅबिलाइझ करून आली असेल तर तुमच्या फ्रेमचं केंद्र हे लेन्सचं केंद्र राहत नाही. मूळ प्लेट मागवा. आणि सूर्य फ्रेमच्या कडेला गेला की ठिपका चपटा होतो, रेषेवरूनही किंचित सरकतो. तिथे हातानेच ढकलावा लागतो. ठिपक्याचा आकार आणि रंग मात्र तो काळ्या केसांवरून किंवा शर्टावरून जाताना बघा. गालावर त्याचा रंग कधीच नीट कळत नाही.

मास्कने ठिपका कापू नका. तो चेहऱ्यावर नाही, चेहऱ्याच्या पुढेही नाही, लेन्समध्ये आहे. गालावरून सुरू होऊन आकाशात जाणारा ठिपका गालाच्या कडेला तुटला तर सगळं उघडं पडतं.

११. सूर्य डोक्यामागे लपतो आणि बाहेर येतो. पडदा कोणत्या फ्रेमला चालू करू?

चालू-बंद नाही, चढतो. सूर्याची चकती आकाशात साधारण ०.५३ अंशांची आहे. ५० मिमी लेन्सवर तिचं चित्र ०.४६ मिमी होतं, आमच्या सुमारे २५ मिमी रुंद सेन्सरवर आणि २०४८ च्या प्लेटमध्ये ३८ पिक्सेल. डोक्याची कड फ्रेमला १२ पिक्सेल सरकत होती, म्हणजे पूर्ण सूर्य उघडा पडायला तीनएक फ्रेम्स. प्रश्न ३ ची वक्ररेषा हा चढ स्वतःच देते. तुम्ही तिला गुळगुळीत करायला गेलात तर हाच चढ पुसला जातो, म्हणून ती फारशी घोटू नका.

खरा पेच वेगळाच असतो. पडदा डबलच्या डोक्याच्या कडेने ठरवलाय, आणि कलाकाराचे केस वेगळे आहेत. आमच्याकडे कलाकाराचे केस कानाजवळ आखूड होते. त्याचं डोकं असतं तर सूर्य दोन फ्रेम्स आधीच दिसला असता. म्हणजे चित्रात सूर्य उघडा आणि पडदा नाही, असा घोळ. आम्ही पळवाट काढली: कपाळाच्या केसरेषेच्या आतलाच चेहरा बदलला, डोक्याची बाहेरची कड आणि कान डबलचेच ठेवले. जमेल तिथे हेच करा. बाहेरची कड बदलणं टाळताच येत नसेल तर सूर्य, त्याचे किरण, पडदा, ठिपके सगळ्यांची वेळ एकाच नव्या मास्कवरून चालवा, आणि मग प्लेटमधला पडदा काढण्याची वेळ आणि परत टाकण्याची वेळ वेगळी ठेवा. प्रश्न ४ मधलं एका नोडचं पथ्य मोडायची ही एकच जागा.

१२. हा लेन्सचा पडदा आहे की हवेतला धुरळा, कसं ओळखू?

एक काळी वस्तू कॅमेऱ्याजवळची आणि एक लांबची घ्या, दोन्ही सूर्यापासून फ्रेममध्ये साधारण सारख्या अंतरावर. दोन्हींचे काळे सारखेच उचलले असतील तर लेन्स. लांबची जास्त धुरकट असेल तर हवा. समुद्रकाठी खारट तुषार असतातच, आमच्या शॉटमध्ये मागच्या खडकांवर दोन्ही होतं. सूर्य झाकलेल्या फ्रेम्समध्येही लांबचं धुरकट राहतं, म्हणून ती फ्रेम उत्तम परीक्षा. हवेचा भाग चेहऱ्यावर जवळजवळ लागत नाही, कारण चेहरा तीन मीटरवर आहे. तो चेहऱ्यावर टाकलात तर दुप्पट धुरकट होईल.

१३. प्लेटमध्ये काळं काहीच नाही. पांढरा सदरा, टक्कल, वाळू. आता?

पूर्ण काळं लागत नाही, दोन्ही अवस्थांत सारखंच उजळलेलं काहीतरी लागतं. नाकपुडी, कानाची पोकळी, सदऱ्याच्या बटनाखालची सावली, पायांमधली फट. सूर्य झाकलेल्या आणि उघडलेल्या फ्रेममधला फरक घ्या, वस्तूचा स्वतःचा आकडा गणितातून निघून जातो. सूर्य कधीच झाकला जात नसेल तर शूटवरच्या माणसाला विचारा, एखाद्या टेकमध्ये लेन्सवर हाताने सावली धरली होती का. बरेचदा असते, क्लॅपच्या आसपास. तेही नसेल तर डबलच्या नाकपुडीला कलाकाराच्या नाकपुडीशी जुळवा, आणि मानेच्या सावलीवर ताळा करा.

१४. फोनवर किंवा अ‍ॅनामॉर्फिक लेन्सवर शूट केलेलं असेल तर?

अ‍ॅनामॉर्फिकमध्ये पडद्याचं काम तेच. ठिपक्यांसाठी आडवा आणि उभा `k` वेगळा निघू शकतो, दोन्ही वेगळे मोजा. आडवी निळी रेघ चेहऱ्यावरून जात असेल तर ती चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पार्श्वभूमीवर दिसतेच. तिथून तिची उंची आणि उतार घ्या आणि चेहऱ्यावर जोडा.

फोन त्रासदायक. तो प्रत्येक भागाचा उजेड आपल्या मर्जीने वरखाली करतो, चेहरा ओळखून सावल्याही उचलतो. त्या फाइलमध्ये लिनिअर बेरीज सपशेल खरी राहत नाही. मोजलेला पडदा काखेत जुळेल आणि गालावर चुकेल. अशा वेळी चेहऱ्याच्या आतलीच काळी जागा मोजा, दूरची नको. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असेल तर पडद्यात तिरके पट्टे दिसतात. ते कॅमेऱ्याला चिकटलेले असतात, चेहऱ्याबरोबर हलवू नका.

१५. सगळं जुळलं होतं, पण कलर ग्रेडिंगला गेल्यावर चेहरा उठून आला. का?

माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं. मॉनिटरवर शॉट सुरेख होता. कलरिस्टने काँट्रास्ट ओढला आणि कलाकाराचे डोळे दोन भोकांसारखे दिसायला लागले. पडदा बरोबर होता. चूक त्याच्या खालची होती: सूर्य झाकलेला असतानाही डबलचं बुबुळ ०.०१२ होतं, आकाशाच्या त्या कायमच्या पातळ पडद्यासकट. मी बसवलेला चेहरा स्टुडिओतल्या काळ्या पडद्यासमोर घेतलेला, त्याचं बुबुळ ०.००६. पडदा टाकल्यावर ०.०८१ विरुद्ध ०.०८७, मॉनिटरवर कोण बघतंय. पण ग्रेडिंगने पडदाच खाली दाबला की सहा आणि बाराचा फरक उरतो, म्हणजे दुप्पट.

तेव्हापासून मी चेहरा आधी सूर्य झाकलेल्या फ्रेमला जुळवतो, आकाशाचा पातळ पडदाही त्याच्यावर मिळवून, आणि मगच सूर्याकडे वळतो. शॉट पाठवण्याआधी व्ह्यूअरचा गॅमा एकदा खूप खाली, एकदा खूप वर नेतो आणि तिन्ही वाहिन्या वेगवेगळ्या बघतो. आधी निळी. पडदा तिच्यात सर्वात पातळ असतो, त्यामुळे चूक झाकायला तिच्याकडे फारसं काही नसतं.